म्हापशाहून पर्तगाळ, सोबत आजोबा आणि तीन वर्षांची नात: प्रवासाचा वेळ कसा धरावा

मोबाईलवरचा नकाशा म्हापसा ते काणकोणचं पर्तगाळ हे अंतर नव्वद किलोमीटरच्या आसपास दाखवतो आणि वेळ सव्वादोन-अडीच तास. दुपारी साडेबाराची आरती गाठायची म्हणून माणूस दहाला निघतो, आणि प्रसादाच्या पंगती उठायला लागतात तेव्हा कुठे गाडी मठाच्या आवारात शिरते. मागच्या सीटवर ७८ वर्षांचे आजोबा आणि तीन वर्षांची नात असेल, तर त्या दिवसाचा प्रवास साडेचार तासांचा आहे असंच धरावं लागतं. हे साडेचार तास नेमके येतात कुठून, हे एकदा कागदावर मांडलं की पुढच्या प्रत्येक प्रवासाला तोच हिशेब वापरता येतो. गोव्यात नव्याने राहायला आलेल्यांनी आणि आईवडिलांना गावाहून बोलावून देवदर्शनाला नेणाऱ्यांनी तो जरूर शिकून घ्यावा.

बरेच जण सांगतात, "नकाशाच्या वेळेची दीडपट धरा." हा ठोकताळा छोट्या प्रवासाला कमी पडतो. म्हापशाहून पणजीला अर्ध्या तासात जायचं, त्याची दीडपट पाऊण तास. पण आजोबांना घरातून गाडीत आणि गाडीतून दवाखान्याच्या खुर्चीत बसवण्यातच वीस-पंचवीस मिनिटं जातात, आणि ती प्रवास अर्ध्या तासाचा असो की पाच तासांचा, तेवढीच राहतात. वाढणारा वेळ तीन प्रकारचा असतो आणि प्रत्येक प्रकार वेगळ्या कारणाने वाढतो. गाडी हळू चालवल्यामुळे वाढणारा वेळ रस्त्यावर अवलंबून असतो. थांब्यांचा वेळ प्रवास किती तासांचा आहे त्यावर ठरतो. आणि निघताना व पोचल्यावर लागणारा वेळ हा माणसांवर अवलंबून असतो, अंतराशी त्याचा संबंध नाही. म्हणून तिन्ही वेगवेगळे मोजायचे आणि मगच बेरीज करायची.

पहिली पायरी: नकाशाचा आकडा नीट घ्या

नकाशा दाखवतो तो फक्त चाकं फिरत असण्याचा वेळ. त्यात थांबा नाही, पार्किंग नाही. शिवाय आदल्या रात्री दहा वाजता घरी बसून बघितलेला आकडा हा रात्री दहाच्या रस्त्याचा असतो. गूगल मॅप्समध्ये निघायची किंवा पोचायची वेळ देता येते. तिथे `Arrive by` निवडून दुसऱ्या दिवशीची वेळ घाला. बऱ्याचदा एक आकडा न येता 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' असा पल्ला येतो. त्यातला मोठा आकडा धरा.

मग त्या आकड्याचे तुकडे करा, कारण हळू चालवणं सगळीकडे सारखं नडत नाही. आपल्या उदाहरणात सकाळी लवकर निघालं तर म्हापसा ते पणजी ३० मिनिटं, पणजीहून आगशी, झुआरी पूल, वेर्णा करत मडगावच्या वेशीपर्यंत ४५, तिथून नावेली, कुंकळ्ळी करत बाळ्ळीपर्यंत ३०, करमल घाटाला २०, आणि घाट उतरल्यावर चावडी ओलांडून पर्तगाळपर्यंत १५ असं धरू. बेरीज १४० मिनिटं, म्हणजे दोन तास वीस.

दुसरी पायरी: कुठे हळू जाल ते ठरवा

म्हापसा-पर्वरी-पणजी या पट्ट्यात वेग गर्दी ठरवते. तुमच्या गाडीत आजोबा आहेत म्हणून तिथे फारसा फरक पडत नाही, तेव्हा काही वाढवू नका. मोकळ्या हायवेवर ऐंशीऐवजी साठ-पासष्टने गेलात तर पणजी-मडगाव तुकड्यात पाचेक मिनिटं जास्त. गावांतून जाणाऱ्या रस्त्यावर खरा वेळ खातात ते स्पीडब्रेकर. कंबर धरलेल्या माणसाला घेऊन तुम्ही प्रत्येक स्पीडब्रेकरवर गाडी जवळजवळ उभी करता, आणि तशीच ती उभी करायलाही हवी. मडगाव-बाळ्ळी तुकड्याला म्हणून पाच मिनिटं जोडा, शेवटच्या आतल्या रस्त्याला आणखी पाच.

घाटाला मात्र हात सैल सोडून वेळ द्या. करमल घाट अवघड नाही, पण वळणं एकापाठोपाठ एक येतात, आणि पुढे अवजड ट्रक असेल तर ओव्हरटेक करायचा मोह होतो. मागे बसलेल्या मुलाला उलटी होते ती वेगापेक्षा वळणावरच्या हिसक्यांनी. वळणाच्या आधी वेग कमी करून, वळणात ब्रेक न दाबता गेलात तर मूल शांत राहतं, आणि वीस मिनिटांच्या जागी तीस लागतात. ती दहा मिनिटं हिशेबात आधीच असली म्हणजे ट्रकच्या मागे राहताना जीव वरखाली होत नाही.

एकूण २५ मिनिटं वाढली. गाडी चालण्याचा वेळ झाला १६५ मिनिटं, पावणेतीन तास.

तिसरी पायरी: किती थांबे

इथे प्रत्येक माणसाचे थांबे वेगळे मोजून बेरीज करू नका. गाडी थांबली की सगळ्यांसाठी थांबते. ज्याला सगळ्यांत लवकर उतरावं लागतं त्याचं अंतर धरा आणि बाकीच्यांची कामं त्याच थांब्यांत बसवा.

तीन वर्षांचं मूल साधारण दीड तास बसतं, झोप लागली तर जास्त. गुडघे दुखणाऱ्या माणसाने दीड-दोन तासांत एकदा तरी उतरून चार पावलं टाकायला हवीत, नाहीतर पाय सुजतात आणि पुढच्या वेळी उतरायला दुप्पट वेळ लागतो. आजोबा ब्लडप्रेशरसाठी किंवा हृदयासाठी लघवी वाढवणारी गोळी घेत असतील तर सगळं गणित तीच ठरवते. सकाळी गोळी घेतल्यावर पहिले काही तास दर पाऊण-एक तासाला बाथरूम लागू शकतं. अनेक ज्येष्ठ मंडळी हे बोलून दाखवत नाहीत. प्रवासाच्या दिवशी गोळीच घेत नाहीत, किंवा आदल्या संध्याकाळपासून पाणी बंद करतात. दोन्ही धोक्याचं आहे, विशेषतः गोव्याच्या घामाच्या हवेत. त्या दिवसापुरती गोळीची वेळ पुढेमागे करता येईल का, हे डॉक्टरांना आधी विचारा, आणि नाही म्हणाले तर थांबे वाढवा. आजोबांना सरळ विचारण्यापेक्षा "बाबा, आपण वेर्ण्याला एकदा थांबणारच आहोत" असं निघतानाच सांगितलं तर त्यांचा संकोच जातो आणि ते पाणीही पितात.

घरात तान्हं बाळ असेल तर त्याचं दूध दोन-तीन तासांनी येतंच. पण ते कार सीटमध्ये असेल तर सलग दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका, अगदी नवजात असेल तर अर्ध्या तासानेच उचलून घ्या, कारण त्या बसण्यात मान पुढे झुकून श्वासाला अडचण होऊ शकते. एवढ्या लहान बाळासाठी हा हिशेब पुरा पडणार नाही, तिथे दिवसाचेच दोन भाग करावे लागतात.

आपल्या उदाहरणात तासाला एक थांबा धरला. १६५ मिनिटांत दोन थांबे बसतात, आणि नशिबाने जागाही तशाच आहेत. पहिला वेर्ण्याच्या परिसरात, निघाल्यापासून तासाभराने. दुसरा घाटाच्या अलीकडे बाळ्ळी-कुंकळ्ळी भागात, त्यानंतर पुन्हा तासाभराने. घाटाच्या आधीचा थांबा टाळू नका, वळणांत गाडी बाजूला घ्यायला धड जागा मिळत नाही. मात्र तिथे मुलाला पोटभर दूध पाजू नका. कोरडं बिस्कीट, थोडं पाणी, आणि निघण्याआधी दहा मिनिटं मोकळ्या हवेत, एवढं पुरे. जागा आधी ठरवताना एकच गोष्ट पारखा: संडास कमोडचा आहे का. भारतीय पद्धतीच्या संडासात गुडघ्याच्या माणसाला बसता येत नाही, आणि मग तो थांबा फुकट जाऊन अर्ध्या तासाने दुसरा करावा लागतो.

चौथी पायरी: एका थांब्याची खरी किंमत

"पाच मिनिटं थांबू" हे वाक्य घराघरात ऐकू येतं. तो पाच मिनिटांचा थांबा जरा जवळून बघा. पेट्रोलपंपावर वळलात, सावली शोधून गाडी लावली. मागचं दार उघडलं. आजोबांनी एक पाय बाहेर टाकला, मग सीटखाली सरकलेली चप्पल शोधली. दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले आणि क्षणभर तसेच थांबले, कारण उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते. तेवढा वेळ द्यायलाच हवा, घाईने चालायला लावलं की तोल जातो. मग साठ पावलांवरचं बाथरूम, आत कोणीतरी असतंच. ते परत येऊन बसले, पट्टा लावला, तेवढ्यात नात म्हणते, "मला पण शू." पुन्हा साठ पावलं. हात धुणं, पाण्याची बाटली भरणं, सांडलेला खाऊ झटकणं. गाडी पुन्हा रस्त्याला लागते तेव्हा वीस मिनिटं झालेली असतात, आणि कोणीही वेळ वाया घालवलेला नसतो.

म्हणून थांबा नेहमी चाक थांबल्यापासून चाक फिरेपर्यंत मोजा. फक्त बाथरूमचा थांबा वीस मिनिटं, चहा-नाश्त्याचा पस्तीस, जेवणाचा तासभर, हे सुरुवातीला धरायला ठीक आकडे आहेत. पण तुमच्या घरचा आकडा तुमचाच असणार. तो काढायचा तर लांबच्या प्रवासाआधी एखाद्या रविवारी मंगेशीला किंवा कवळ्याला शांतादुर्गेला जाऊन या, आणि प्रत्येक थांब्याला चाक थांबल्याची व फिरल्याची वेळ मोबाईलमध्ये टिपून ठेवा. घरातून निघतानाची आणि देवळात पोचल्यानंतरचीही टिपा. एवढ्या एका फेरीत तुमच्या माणसांचे सगळे आकडे हातात येतात.

दोन सूचना इथे महत्त्वाच्या. नातीला आधी उतरवा, तिच्यासोबत एक मोठा माणूस पुढे जाऊ दे आणि आजोबा मागून सावकाश येऊ देत. दोन्ही कामं एकाच वेळी चालली की पाच-सात मिनिटं वाचतात. आणि मूल झोपलं असेल तर त्याला उठवू नका, पण बंद गाडीत एकटंही ठेवू नका. काच थोडी उघडी ठेवली तरी उन्हात गाडी काही मिनिटांत तापते. एक मोठा माणूस गाडीतच बसेल हे आधी ठरवून ठेवा.

वेर्ण्याचा थांबा वीस, बाळ्ळीचा चहाचा पस्तीस. एकूण ५५ मिनिटं. १६५ मध्ये मिळवले की २२०. याशिवाय एक न ठरवलेला थांबा होतोच: उलटी, डिकीत राहिलेलं औषध, रडणं. त्याचे १५ धरा. २३५ झाली.

पाचवी पायरी: दोन्ही टोकं

गाडी लागली म्हणजे पोचलो असं नाही. तरुण माणूस शंभर मीटर दीड मिनिटाच्या आत चालतो. काठी घेऊन चालणाऱ्याला तेवढ्यालाच तीन-चार मिनिटं लागतात, आणि पायऱ्या असतील तर मध्ये एकदा टेकावं लागतं. गोव्यातल्या मोठ्या देवळांचं पार्किंग अनेकदा लांब असतं, सणाच्या दिवशी आणखी लांब. मग चपला काढणं, पाय धुणं. मार्च ते मे दुपारी अंगणातली फरशी तापलेली असते. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांना संवेदना कमी आहे त्यांना चटका जाणवत नाही आणि पायाला फोड येतो, म्हणून अशांना सावलीच्या कडेने न्या, वेळ लागला तरी. आजोबांना थेट दाराशी उतरवून मग गाडी लावायची असेल तर त्यांच्यासोबत थांबायला कोण, हेही घरीच ठरवा. चाक थांबल्यापासून आत टेकेपर्यंत २५ मिनिटं धरा. एकूण २६० मिनिटं, चार तास वीस.

घरच्या टोकाला "चला, निघूया" म्हटल्यापासून चाक फिरेपर्यंत आणखी २५. यातली निम्मी मिनिटं आदल्या रात्री सामान गाडीत ठेवून वाचवता येतात. औषधांची पिशवी, मुलाचे दोन कपडे, ओली फडकी आणि उलटीसाठी पिशव्या डिकीत न ठेवता पुढच्या सीटपाशी ठेवा.

सहावी पायरी: पोचायच्या वेळेपासून मागे या

साडेबाराची आरती. (देवळाची किंवा मठाची वेळ आदल्या दिवशी फोन करून विचारून घ्या, उत्सवात ती बदलते.) साडेबारातून चार तास वीस मागे गेलं की चाक फिरायला हवं ८ वाजून १० मिनिटांनी.

इथे एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. आठ दहाला म्हापशातून निघालात तर तुम्ही बरोबर ऑफिसच्या गर्दीत पर्वरीत सापडता, आणि पहिली पायरी ज्या आकड्यावर उभी होती तोच बदलतो. निघायची वेळ बदलली की नकाशा पुन्हा बघायचा. पर्वरीत अडकलेल्या गाडीत बाथरूमची घाई झालेल्या आजोबांना घेऊन बसणं हा कोणालाच नको असलेला प्रसंग आहे. म्हणून अर्धा तास अलीकडे या आणि ७ वाजून ४० मिनिटांनी निघा. "चला" म्हणायची वेळ सव्वासात. आता वेळापत्रक असं होतं:

७.४० म्हापसा
८.४० वेर्णा, ९.०० ला पुन्हा रस्त्यावर
९.५५ बाळ्ळी, १०.३० ला पुन्हा रस्त्यावर
११.२० पर्तगाळ
११.४५ आत बसलेले

साडेबाराला पाऊण तास हातात राहिला. त्यात न ठरवलेल्या थांब्याचे १५ आणि गर्दी चुकवण्यासाठी घेतलेले ३० आहेत. काहीच घडलं नाही तर आजोबा सभामंडपात टेकून शांत बसतील आणि नात अंगणात धावेल. दोघांनाही ते हवंच असतं.

वाटेत उशीर होतोय हे ओळखायला दोन खुणा पुरतात. वेर्ण्याहून सव्वानऊपर्यंत आणि बाळ्ळीहून पावणेअकरापर्यंत निघालात तर काळजी नाही. बाळ्ळीलाच अकरा वाजून गेले असतील तर काय कापायचं ते घरी ठरलेलं असावं. चहा कापता येतो, तो थर्मासमधून गाडीतही पिता येतो. बाथरूम कापता येत नाही आणि घाटातला वेगही वाढवता येत नाही. तेही पुरत नसेल तर आरती सोडा, प्रसादाला पोचा, आणि तसं सगळ्यांना मोकळेपणाने सांगा. उशीर झाला हे चालवणाऱ्याने मनातच ठेवलं की तो पायावर येतो आणि गाडी पळायला लागते.

आरतीऐवजी मडगावला किंवा थिवीला रेल्वे गाठायची असेल तर हातात ठेवायचा वेळ वेगळा धरा. आरती पुन्हा उद्या होते, गाडी सुटली की गेली. तिथे निदान तासभर ठेवा, आणि पोचल्यानंतरचे २५ मिनिटं दुप्पट करा, कारण जिना चढून दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर जावं लागू शकतं. छोट्या स्टेशनवर गाडी दोन-तीन मिनिटंच थांबते, तेव्हा डबा कुठे येतो तिथे आधीच उभं राहायला हवं.

परतीचा हिशेब वेगळा

सकाळचाच आकडा उलटा फिरवून परतीला लावू नका. दुपारी दमलेला माणूस उतरायला जास्त वेळ घेतो, म्हणून प्रत्येक थांब्याला पाच मिनिटं वाढवा. उलट गोळीचा जोर ओसरलेला असतो आणि जेवणानंतर नात झोपते, त्यामुळे थांबे कमी होऊ शकतात. नातीच्या झोपेवर घाट बसवता आला तर फार सोपं जातं: प्रसाद झाल्यावर पंधरा-वीस मिनिटं आवारात थांबा, पोट जरा हलकं होऊ द्या, आणि ती पेंगायला लागली की निघा.

गोव्यात दुपारी एक ते साडेतीन-चार पुष्कळ दुकानं बंद असतात, त्यात लहान गावांतली औषधांची दुकानं आणि चहाची हॉटेलंही आली. सकाळी उघडं दिसलेलं ठिकाण परतीला उघडं असेलच असं नाही. म्हणून परतीचा थांबा पेट्रोलपंप किंवा हायवेवरचं मोठं हॉटेल असाच ठरवा, आणि लागणारं औषध सकाळीच सोबत घ्या. तीनच्या सुमारास निघालात तर साडेसहापर्यंत पणजी गाठता येते, पण मग संध्याकाळची पर्वरी समोर येते. दोन वाजता निघणं शक्य असेल तर ते करा. पावसाळ्यात तर घाट उजेडातच ओलांडायचा, आणि जोराचा पाऊस असेल तर पहिल्या पायरीच्या सगळ्या तुकड्यांना पुन्हा एकदा पाच-पाच मिनिटं जोडायची.